मुदत संपलेली आणि ओळख न पटणारी औषधं टाकायची कशी? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर औषधांच्या विल्हेवाटीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं घरगुती औषधांपुरतीच आहेत. दवाखाने, लॅब आणि दुकानं यांचे नियम वेगळे असतात. घाई असेल तर प्रश्न ८ आधी वाचा. घरात कॅन्सरची किंवा तीव्र वेदनाशामक औषधं असतील, तर त्याआधी १३ आणि १४.

१. पाकिटावर एक्सपायरी ०५/२०२६ आहे. म्हणजे १ मेपासून बाद की ३१ मेपर्यंत चालतं?

नुसता महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. म्हणजे ०५/२०२६ चं औषध ३१ मे २०२६ पर्यंत घेता येतं आणि १ जूनला बाद होतं. गोंधळ बहुतेक वेळा शेजारच्या तारखेमुळं होतो. पाकिटावर दोन तारखा असतात, एक उत्पादनाची आणि एक मुदत संपण्याची. घाईत वरची वाचली जाते आणि चांगलं औषध टाकलं जातं, किंवा उलटं होतं. दोन्हींपैकी पुढची तारीख मुदतीची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. काही पाकिटांवर तारीख शाईनं छापलेली नसते, नुसती दाबून उमटवलेली असते. ती दिसत नसेल तर पाकीट तिरपं धरा आणि बाजूनं मोबाइलची बॅटरी मारा.

२. स्ट्रिप अर्धी कापलेली आहे. नाव दिसतं, पण तारीख नाही. काय समजायचं?

बाद समजायचं. स्ट्रिपच्या फॉइलवर औषधाचं नाव पुन्हा पुन्हा छापलेलं असतं, पण बॅच नंबर आणि मुदत बहुधा एकाच टोकाला असते. दुकानदारानं शिस्तीत दुसऱ्या टोकाकडून कापलं, तर तारखेचा तुकडा त्याच्याकडं राहतो आणि तुमच्या हाती बिनतारखेचा येतो. बिल ठेवलं असेल तर त्यावर बॅच नंबर आणि मुदत दोन्ही सापडतात, म्हणून बिल टाकण्याआधी एकदा बघा. बिल नसेल तर आठवणीवर जाऊ नका. "दिवाळीत आणलं होतं" यावरून खरेदी कधी झाली ते कळतं, मुदत कळत नाही.

यापुढं चार-सहा गोळ्या घेताना एक करा. दुकानातच मूळ स्ट्रिपच्या टोकाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. कोणताही दुकानदार नाही म्हणत नाही.

३. तारीख पुढच्या वर्षाची आहे, पण बाटली उघडून बरेच दिवस झालेत. चालेल का?

छापलेली मुदत बंद पाकिटाची असते. उघडल्यावर दुसरं घड्याळ सुरू होतं, आणि ते लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. डोळ्यांत घालायचे थेंब साधारण चार आठवड्यांनी टाकायचे, कारण बाटलीचं तोंड पापणीला लागतं आणि जंतू आत जातात. लहान मुलांच्या अँटिबायोटिकची पावडर पाणी घालून सिरप केली, की बहुतेक ब्रँड सात दिवस म्हणतात, काही थोडे जास्त. वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत २८ दिवस. उघडल्याच्या दिवशी बाटलीवर मार्करनं तारीख लिहिली, तर हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

४. पुडीत सुट्ट्या गोळ्या सापडल्या. रंग, आकार किंवा गोळीवरच्या अक्षरांवरून ओळखता येतील का?

खात्रीनं नाही. इंटरनेटवर गोळीवरची अक्षरं टाकून नाव शोधायच्या ज्या साइट मिळतात, त्या बहुतेक अमेरिकेतल्या औषधांसाठी आहेत. तिकडं गोळीवर ओळखचिन्ह कोरणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडं तसं नाही. पांढरी, गोल, मध्ये एक रेघ अशी गोळी पॅरासिटामॉलची असू शकते, मधुमेहाची असू शकते, झोपेचीही असू शकते. मी स्वतः अशा गोळीकडं बघून नाव सांगत नाही. कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

चव घेऊन बघू नका, तोडून वास घेऊ नका. ओळख न पटलेली गोळी सगळ्यांत धोकादायक गटातली आहे असं धरायचं आणि प्रश्न ८ मधल्या पहिल्या मार्गानं द्यायची.

अशी गोळी मुलानं तोंडात घातली असेल, तर ओळखण्यात वेळ घालवू नका. उरलेली गोळी, पुडी आणि स्ट्रिपचे तुकडे बरोबर घ्या आणि थेट सिव्हिल किंवा जवळचं इस्पितळ गाठा. रुग्णवाहिका १०८. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७ आहे. मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

५. एखादा महिना उलटून गेला तर लगेच विष होतं का? लोक तर घेतात.

विष होत नाही. बऱ्याच गोळ्यांचा जोर तारखेनंतरही काही काळ टिकतो. पण ती हमी नियंत्रित तापमानात ठेवलेल्या बंद पाकिटाची असते. "३० अंशांखाली ठेवा" असं लिहिलेली स्ट्रिप आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत पत्र्याखालच्या कपाटात पडून असते. त्यामुळं सोलापुरात काही औषधं तारखेच्या आतच खराब झालेली मी पाहिली आहेत. कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, गोळीवर ठिपके येतात, इन्सुलिनमध्ये गुठळ्या दिसतात, अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. अशी औषधं तारीख काहीही असो, बाद. ज्या औषधावर जीव अवलंबून आहे, उदाहरणार्थ छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, इन्सुलिन किंवा फिटचं औषध, त्यात तर एक दिवसही उधार घ्यायचा नाही.

६. संडासात टाकून फ्लश केलं तर झंझटच संपली. त्यात वाईट काय?

झंझट तुमच्या घरातून गेली, संपली नाही. शहराच्या ड्रेनेजचं पाणी देगावसारख्या शुद्धीकरण केंद्रात जातं. हे केंद्र मैला, म्हणजे सडणारे सेंद्रिय पदार्थ काढण्यासाठी बांधलेलं असतं. तिथले जीवाणू विष्ठा, साबण आणि अन्नकण खातात. औषधाचा रेणू मात्र मुळात शरीरात टिकावा म्हणूनच घडवलेला असतो, म्हणून अनेक औषधं या जीवाणूंना पचत नाहीत. फिटसाठी दिलं जाणारं कार्बामाझेपिन केंद्रात शिरतं तसंच जवळजवळ बाहेर पडतं. डायक्लोफिनॅक काही भाग निघतं, काही राहतं. पुढं हे पाणी सीनेकडं जातं आणि सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. खालच्या गावांना ते आपण न सांगता पाठवलेलं असतं.

अँटिबायोटिकचा मुद्दा वेगळा आहे. गटारात ते इतकं पातळ होतं की जीवाणू मरत नाहीत, पण जे जीवाणू त्याला दाद देत नाहीत तेच जास्त वाढतात. उद्या तुमच्याच घरातल्या कुणाला त्या जातीचा जंतुसंसर्ग झाला, तर नेहमीचं औषध चालत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नदीतल्या औषधांचा मोठा वाटा घरातल्या फ्लशमधून येत नाही. तो आपण औषध घेतल्यावर लघवीतून येतो, शिवाय काही भाग कारखान्यांतून. तो आपल्याला थांबवता येत नाही. अख्खी स्ट्रिप मोरीत रिकामी करणं मात्र थांबवता येतं, म्हणून त्याबद्दल एवढं बोलायचं.

हद्दवाढ भागात जिथं ड्रेनेज नाही आणि सेप्टिक टँक आहे, तिथं अंतर आणखी कमी होतं. शोषखड्ड्यातलं पाणी मुरतं आणि आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या भेगांतून शेजारच्या बोअरला मिळू शकतं. दोन-चार गोळ्यांनी टँकमधले सगळे जीवाणू मरतात असं जे सांगितलं जातं, ती मात्र अतिशयोक्ती आहे.

याला एक छोटा अपवाद आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

७. आम्ही सगळा कचरा बंबात घालतो. औषधं जाळली तर राखच उरेल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा तर्क चुकीचा नाही. औषधांचा शेवट जाळूनच करतात, पण कुठं आणि कसं ते बघायला हवं. दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीला दोन कक्ष असतात. पहिल्यात सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान असतं. तिथला धूर दुसऱ्या कक्षात जातो, तिथं सुमारे १०५० अंश असतात आणि धुरानं त्यात किमान दोन सेकंद राहायचं असतं. मग धूर धुतला जातो आणि ३० मीटर उंच चिमणीतून सोडला जातो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हे आकडे दिलेले आहेत.

बंबातली, चुलीतली किंवा अंगणातली आग या तापमानाला पोचत नाही. ज्वाळेच्या टोकाला कदाचित बरी उष्णता असेल, पण ढिगाच्या आत आग धुमसत असते. आणि औषधाबरोबर त्याची वेष्टनंही असतात. गोळ्यांच्या पारदर्शक पाकिटाचं प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं, त्यात क्लोरीन असतो. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, डोळे आणि घसा झोंबतो तो तिच्यामुळं. धुमसत्या आगीत त्यातूनच डायॉक्सिन तयार होतात. ती शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतात. बंब बाथरूमच्या दारात असेल, तर हा धूर आंघोळीला बसलेल्या माणसालाच मिळतो. फॉइलचं अ‍ॅल्युमिनियम जळत नाही. काळ्या पत्र्या उरतात, त्यांना अर्धवट जळालेल्या गोळ्या चिकटलेल्या असतात. राख भांडी घासायला किंवा कुंडीत घालायची सवय असेल, तर त्याही तिकडंच जातात.

इनहेलर किंवा दुखण्यावरचा स्प्रे आगीत टाकला तर फुटतो. हे कधीही करायचं नाही. सॅनिटायझर आणि स्पिरिट भडकतं. पाऱ्याचं जुनं थर्मामीटर आगीत गेलं तर पाऱ्याची वाफ घरात पसरते.

८. मग नेमकं करायचं काय?

मार्ग दोन आहेत. पहिला शक्य असेल तर दुसऱ्याकडं जाऊ नका.

पहिला मार्ग म्हणजे औषधं वेगळी देणं. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदतबाह्य औषधं "घरगुती घातक कचरा" या गटात होती. ती ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात मिसळायची नाहीत, आणि असा कचरा स्वीकारायला केंद्रं उभारणं हे पालिकेचं काम आहे. त्या नियमांच्या जागी आलेल्या २०२६ च्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग आहेत आणि औषधं "विशेष काळजीचा कचरा" या भागात येतात. तेव्हा तुमच्या झोन कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाला थेट विचारा की घातक कचरा कोणत्या दिवशी आणि कुठं घेतला जातो. घंटागाडीवरच्या माणसाला विचारून "टाका मागं" एवढंच उत्तर मिळालं, तर ते उत्तर धरू नका. या मार्गानं देताना गोळ्या स्ट्रिपमधून काढायच्या नाहीत. नाव दिसत असेल तर दिसू द्यायचं, कारण पुढं वर्गवारी करणाऱ्याला ते लागतं. रुग्णाचं नाव असलेलं लेबल मात्र फाडा. जाड पिशवीत घाला, तोंड बांधा आणि वर मोठ्या अक्षरात "मुदतबाह्य औषधं" लिहा.

दुसरा मार्ग नाइलाजाचा, जिथं वेगळं कोणी घेतच नाही तिथला. इथं पहिल्याच्या उलट करायचं, गोळ्या स्ट्रिपमधून बाहेर काढायच्या. कारण असं की कचऱ्यात गेलेली अख्खी स्ट्रिप कचरावेचक उचलतो, कुणी तिची तारीख खरवडतो, किंवा एखादं मूल उघडून बघतं. गोळ्या झाकणाच्या जुन्या डब्यात घाला. त्यांच्या साधारण दुप्पट ओला चहाचा चोथा आणि माती घाला, थोडं पाणी टाका आणि काठीनं ढवळा. कुटू नका, पूड उडते आणि नाकात जाते. कॅप्सूल उघडू नका. मिश्रण बघून कुणाला उचलावंसं वाटणार नाही इतकं घाण दिसलं पाहिजे. झाकण टेपनं पक्कं करा आणि डबा सुक्या कचऱ्यात द्या. रिकाम्या स्ट्रिपा कात्रीनं आडव्या कापा.

दुसऱ्या मार्गाची मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. डबा शेवटी भोगावच्या डेपोवर जातो, आणि उन्हाळ्यात तिथल्या आगीच्या बातम्या आपण वाचतोच. गोळी माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात जाऊ नये, एवढंच या मार्गानं साधतं.

९. ज्या मेडिकलमधून आणलं, तिथंच परत का देता येत नाही?

दुकानदाराच्या मालाची मुदत संपली तर तो घाऊक विक्रेत्याला परत करतो आणि त्याच्या खात्यात रक्कम वळती होते. तुम्ही आणलेल्या कापलेल्या स्ट्रिपा त्या हिशेबात बसत नाहीत. ग्राहकाकडून जुनी औषधं घ्यावीत असं बंधन दुकानदारावर नाही, म्हणून नाही म्हटलं तर तो नियम मोडत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्याचं औषध प्रशासन आणि केमिस्ट संघटनांनी मिळून परत घेण्याची सोय सुरू करावी असं त्यात सुचवलं आहे. केरळनं त्याच वर्षी कोझिकोडमध्ये असा कार्यक्रम सुरू केला.

एक वाट मात्र विचारून बघण्यासारखी आहे. तुमच्या ओळखीच्या इस्पितळात पिवळ्या पिशवीतला कचरा रोज उचलायला गाडी येते, आणि मुदतबाह्य औषधं त्याच पिशवीत जातात. रुग्णाचा उपचार तिथंच झाला असेल तर उरलेली औषधं घेतात का, हे तिथल्या फार्मसीला नम्रपणे विचारा. तो त्यांच्या सौजन्याचा भाग आहे, हक्क सांगू नका.

१०. सासऱ्यांचं निधन झालं. त्यांचा औषधांचा मोठा डबा घरात आहे. सुरुवात कुठून करू?

जुळे सोलापूरहून आलेल्या एका ताईंनी डब्याचे फोटो पाठवले होते. तोच डबा इथं एकेक करून बघू. आज जून २०२६ चा दुसरा आठवडा आहे असं धरा.

आधी जमिनीवर जुना पेपर अंथरला, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवलं, हातमोजे घातले. मग तीन ढीग केले. एक, नाव आणि तारीख दोन्ही वाचता येतात ती औषधं. दोन, नाव आहे पण तारीख नाही. तीन, काहीच कळत नाही.

पहिल्या ढिगात रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनची स्ट्रिप होती, सहा गोळ्या शिल्लक, मुदत ०९/२०२६. ही बाद नाही. सासूबाईंना तेच औषध त्याच डोसमध्ये चालू होतं. म्हणून डॉक्टरांना फोटो दाखवून विचारायचं आणि ते हो म्हणाले तर वापरायची. शेजाऱ्यांना किंवा कामवाल्या मावशींना "घ्या, चांगली आहे" म्हणून द्यायची नाही. त्याच ढिगात डोळ्यांचे थेंब होते, मुदत १२/२०२६, पण बाटली फेब्रुवारीत उघडलेली. ते बाद (प्रश्न ३). खोकल्याचं अर्धं सिरप, मुदत ०४/२०२६, तेही बाद (प्रश्न ११).

एका स्ट्रिपवर मेथोट्रेक्सेट लिहिलेलं होतं. सांधेवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घेतात. ही स्ट्रिप बाकीच्यांत मिसळली असती तर पुढच्या वेळी कुणीतरी रोज घेतली असती, आणि त्यानं जीव जाऊ शकतो. ती तत्काळ वेगळ्या पिशवीत घातली (प्रश्न १४). ट्रॅमाडॉलच्या सात गोळ्याही वेगळ्या काढल्या (प्रश्न १३).

दुसऱ्या ढिगात मेटफॉर्मिनचे तीन तुकडे होते. तारीख नव्हती, बिल सापडलं नाही, म्हणून बाद. तिसऱ्या ढिगात गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेली कागदी पुडी होती, त्यात पांढऱ्या आणि गुलाबी गोळ्या. पुडीवर फक्त "१-०-१" लिहिलेलं. ताईंना वाटलं की गुलाबी गोळी जीवनसत्त्वाची असेल. असेलही, पण त्या अंदाजावर काही ठरवायचं नाही.

फ्रिजमध्ये इन्सुलिनची दोन पेनं आणि कपाटात एक इनहेलर होता, ते प्रश्न १२ प्रमाणे. बाद झालेलं सगळं स्ट्रिपसकट एका पिशवीत बांधून झोन कार्यालयात विचारून दिलं. चौकशीला वेळ लागला तेवढे दिवस पिशवी कपाटावरच्या कुलपाच्या पेटीत ठेवली. घरात चार दिवस जास्त राहिली तर बिघडत नाही, घाईत मोरीत गेली तर बिघडतं.

११. सिरप, ओआरएस, सलाईन बेसिनमध्ये ओतलं तर?

ओआरएस, ग्लुकोज आणि साधं सलाईन म्हणजे साखर, मीठ आणि पाणी. ते भरपूर पाण्याबरोबर ओतलं तर काही हरकत नाही. औषधी सिरप ओतू नका. बाटलीचं झाकण घट्ट लावून पहिल्या मार्गानं द्या. दुसराच मार्ग उरला तर सिरप चोथा-मातीत जिरवा, ओलावा शोषला जाईल इतकी माती घ्या. काचेची रिकामी बाटली लेबल काढून सुक्या कचऱ्यात.

१२. इन्सुलिनच्या सुया, पेन आणि इनहेलर?

सुई पुन्हा टोपणात घालायच्या नादात बोटाला टोचते. म्हणून वापरल्याबरोबर ती जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, हँडवॉशची किंवा फिनेलची चालते. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते. बाटली पाऊण भरली की झाकण टेपनं बंद करून वर "सुया" लिहा आणि घातक कचऱ्यातच द्या. पेनमधली सुई काढल्यावर पेन औषधांच्या पिशवीत जातं.

इनहेलर रिकामा वाटला तरी आत दाब असतो. भोक पाडायचं नाही, भंगारवाल्याला द्यायचा नाही, ऊन लागेल असा ठेवायचा नाही. प्लास्टिकचा भाग काढून धातूचा डबा औषधांबरोबर वेगळा द्या.

१३. काही औषधं उलट फ्लशच करावीत असं वाचलं. खरं काय?

खरं आहे, पण यादी छोटी आहे. प्रश्न ९ मधल्या २०२५ च्या सूचनांत अशी १७ नावं आहेत. त्यांत मॉर्फिन, फेंटानिल, बुप्रेनॉर्फिन, टॅपेंटाडॉल, ट्रॅमाडॉल, डायझेपाम आणि मिथाइलफेनिडेट आहेत. तर्क असा की यांतलं एखादं औषध चुकून दुसऱ्यानं एकदाच घेतलं, तरी प्राण जाऊ शकतो. तो धोका पाण्यात मिसळण्याच्या धोक्यापेक्षा मोठा मानला आहे. प्रश्न ६ मधलं सगळं इथं लागू आहेच, फक्त तराजूचं दुसरं पारडं जड आहे.

माझं मत असं की उपचार केलेलं इस्पितळ परत घेत असेल तर तिथं द्यावं. कॅन्सरच्या रुग्णांना वेदनेसाठी मॉर्फिन देणारे विभाग त्याचा हिशेब ठेवतात, त्यांना विचारणं सोपं असतं. ते जमत नसेल आणि घरात लहान मूल किंवा व्यसनी माणूस असेल, तर फ्लश करा आणि मनात शंका ठेवू नका. फेंटानिलची त्वचेवर लावायची पट्टी वापरून झाल्यावरही तिच्यात बरंच औषध उरतं. काढल्याबरोबर चिकट बाजू आत घेऊन घडी घाला आणि लगेच फ्लश करा. यादीत नसलेलं झोपेचं औषध "तसंच असेल" म्हणून या नियमात ओढू नका.

१४. केमोच्या उरलेल्या गोळ्या?

त्या ना चोथ्यात, ना फ्लशमध्ये. या गोळ्या पेशी मारण्यासाठीच असतात, आणि त्या नष्ट व्हायला १२०० अंशांहून जास्त तापमानाची भट्टी लागते. स्ट्रिपमधून काढू नका, तोडू नका. घरात गर्भवती असेल तर तिनं हात लावू नये. दोन पिशव्यांत बंद करा, वर "कॅन्सरचं औषध" लिहा आणि उपचार झालेल्या इस्पितळातच द्या. सांधेवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट याच गटात येतं, कारण औषध तेच असतं, डोस कमी असतो.

१५. काढे, चूर्ण, भस्म यांचं काय? ते तर नैसर्गिक.

चूर्ण आणि काढा ओल्या कचऱ्यात गेला तरी चालतो. भस्म आणि रसौषधी वेगळ्या. त्यांच्यापैकी बऱ्याच पाऱ्यापासून, शिशापासून किंवा इतर धातूंपासून केलेल्या असतात. त्या जाळल्या तर पारा वाफ होऊन बाहेर येतो. कुंडीत टाकल्या तर धातू मातीत कायमचा राहतो. त्या पहिल्या मार्गानंच द्या. लेबल नसलेली काळी-लाल पावडर असेल तर ती रसौषधी समजा.

१६. शेतात पुरली तर? किंवा दुखण्यावरच्या उरलेल्या गोळ्या म्हशीला दिल्या तर वाया जाणार नाहीत.

मोहोळ आणि अक्कलकोटकडून हा प्रश्न नेहमी येतो. पुरलेली गोळी पावसाळ्यात विरघळते आणि विहिरीकडं जाते, शिवाय कुत्री उकरतात. पुरू नका.

जनावरांना तर मुळीच नाही. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं काही दशकांत जवळजवळ संपली त्याचं हे मुख्य कारण ठरलं. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही. माणसांच्या अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत अ‍ॅसिक्लोफिनॅकच असतं, स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात घटक वाचलात तर दिसेल. म्हैस लंगडत असेल तर पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅम लिहून घ्या, गिधाडांसाठी ते सुरक्षित ठरलेलं आहे.